लेकीने पेपर मागच्या पानावर का टाकले?

प्रश्न : मी मेहकर तालुक्यातला निवृत्त शिक्षक. माझ्या मुलीने लोणार सरोवरातल्या जिवाणूंवर पीएच.डी. केली आणि आता ती पुण्यात एका संस्थेत पोस्टडॉक म्हणून काम करते. तिच्या जुन्या बायोडेट्याच्या पहिल्याच परिच्छेदात अकरा पेपरांचा उल्लेख होता. तो वाचून मला बरं वाटायचं. आता खाजगी कंपन्यांच्या संशोधन विभागात अर्ज करायचे म्हणून तिने तो नव्याने लिहिला आहे. पेपर शेवटच्या पानावर गेले, लोणारचं नाव वरून गेलं, आणि तिथे ‘धुण्याची पावडर’, ‘पाच लिटरचा फर्मेंटर’ असं काहीतरी आलं. इतक्या वर्षांची कमाई अशी मागे का ठेवायची? विचारलं तर म्हणते, “बाबा, कंपनीत असंच लागतं.” हे ‘असंच’ म्हणजे नेमकं काय? दोन्ही मसुदे आणि तिने कामाविषयी लिहिलेलं पत्र सोबत पाठवत आहे.

उत्तर : गुरुजी, दोन्ही मसुदे पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण तुमच्या शंकेचं उत्तर त्या दोन परिच्छेदांच्या मधल्या अंतरातच आहे. तुमचा समज असा झालाय, की मुलीने आपलं विज्ञान लपवलं आणि हातकाम पुढे केलं. प्रत्यक्षात तिने आधी न दिसणारं विज्ञान उघड केलं आहे. कसं ते पाहण्यासाठी आधी तिचं काम काय आहे हे समजून घेऊ, कारण ते तुमच्या अंगणातलंच आहे.

लोणारचं सरोवर उल्कापातामुळे बेसाल्ट खडकात झालेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या खळग्यात आहे. झरे आणि पाऊस यांचं पाणी आत येतं, पण बाहेर जायला वाट नाही. पाणी उन्हाने उडून जातं आणि त्यातले क्षार मागे राहतात. मिठाबरोबर सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, साठत जातो आणि पाण्याचा पीएच १० च्या आसपास पोचतो. ‘आईन-ए-अकबरी’त इथे काच आणि साबण करण्याचं सामान मिळतं अशी नोंद आहे, म्हणजे या पाण्याचा साबणाशी संबंध जुनाच. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं कारण मिठात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं, ते तुम्हाला आठवत असेल.

आता साबणाचा धागा पुढे नेऊ. धुण्याची पावडर पाण्यात टाकली की त्या पाण्याचा पीएचही दहाच्या जवळ जातो. रक्त, दूध, अंडं, घाम यांचे डाग प्रथिनांचे असतात, आणि प्रथिनं तोडणारं एंझाइम म्हणजे प्रोटिएझ. पण आपल्या पोटातलं किंवा साध्या मातीतल्या जिवाणूंचं बहुतेक प्रोटिएझ इतक्या सोड्यात बिघडतं. ज्या जिवाणूने जन्मभर सोड्याच्या पाण्यातच खाल्लं-पचवलं, त्याने पेशीबाहेर सोडलेलं एंझाइम तिथे काम करण्याची शक्यता जास्त. जपानचे कोकी होरिकोशी यांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी याच विचाराने अल्कप्रिय जिवाणू शोधायला सुरुवात केली. १९८७ मध्ये जपानच्या काओ कंपनीने अशाच एका जिवाणूचं, सुती धागा स्वच्छ करणारं एंझाइम घातलेली पावडर बाजारात आणली. तुमच्या लेकीचं काम याच परंपरेतलं आहे.

आता तिच्या जुन्या परिच्छेदाकडे येऊ. त्याचा मराठी गोषवारा असा : ‘अल्कप्रिय सूक्ष्मजीवांच्या क्षेत्रात सहा वर्षांहून अधिक अनुभव असलेली सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. लोणार सरोवरातील जिवाणूंच्या अल्कधर्मी प्रोटिएझवर आंतरराष्ट्रीय संशोधनपत्रिकांत अकरा पेपर, त्यांतील पाचांत प्रथम लेखिका. राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय परिषदांत सादरीकरण. सूक्ष्मजीवांची विविधता आणि एंझाइमविज्ञान यांत विशेष रुची.’

विद्यापीठाच्या निवड समितीसाठी हा परिच्छेद चोख आहे. तिथे वाचणारा माणूस त्याच विषयातला असतो. त्याला ते पेपर ठाऊक असतात किंवा तो ते काढून वाचतो, आणि पेपर मोजणं हा तिथल्या नियमांचाच भाग असतो. कंपनीत मात्र हा कागद प्रथम मनुष्यबळ विभागातल्या व्यक्तीकडे जातो. तिचा विषय सूक्ष्मजीवशास्त्र असेलच असं नाही. तिच्या हातात पदाचं वर्णन असतं आणि त्यातल्या कामांपैकी या उमेदवाराने काय केलंय हे तिला ताडून पाहायचं असतं. ती पुढे पाठवेल तेव्हा कागद संशोधन विभागाच्या प्रमुखाकडे जातो. तो तज्ज्ञ असतो, पण त्याचा प्रश्न वेगळा असतो : माझ्याकडे अमुक एंझाइमचं उत्पादन अडलंय, ही व्यक्ती आली तर त्यातला कोणता भाग हाती घेईल?

जुना परिच्छेद या दोघांपुढे ठेवून पाहा. ‘अकरा पेपर’ यातून ती चिकाटीची आहे, लिहिते चांगलं, एवढं कळतं. ‘विशेष रुची’ यातून काहीच कळत नाही. तिने जिवाणू फक्त ओळखले, की एंझाइम बनवलं? बनवलं तर किती, आणि कशात? हे सगळं पेपरांच्या पोटात आहे, पण ते उघडायला त्या दोघांकडे वेळ नसतो. तुम्ही शिक्षक म्हणून हे पटकन ओळखाल : गुणपत्रिका पाहून मुलगा हुशार आहे हे समजतं, पण प्रयोगशाळेत काचेचं सामान त्याच्या हाती द्यावं का, हे समजत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अनेकांना वाटतं की कंपनीला तुमच्या मुलीचा लोणारचा जिवाणू हवा असतो. तसं सहसा नसतं. निसर्गातून आणलेला जिवाणू एंझाइम फार थोडं बनवतो. बाजारासाठी उत्पादन करताना बहुधा त्या एंझाइमचा जनुक काढून भरभरून उत्पादन देणाऱ्या, वर्षानुवर्षं वापरातल्या दुसऱ्या जिवाणूत घातला जातो. शिवाय तिचे निष्कर्ष छापून झाले आहेत, आणि एकदा जगजाहीर झालेल्या गोष्टीवर नवेपणाचा दावा करून पेटंट मिळवणं अवघड असतं. जिवाणूचा नमुनाही संस्थेचा, तो ती पिशवीत घालून नेऊ शकत नाही. म्हणून कंपनी घेते ती तिच्या हातातली आणि डोक्यातली पद्धत. ती पद्धत उद्या दुसऱ्या एंझाइमला लागू पडते. सारांशातून लोणारचं नाव खाली गेलं त्याचं कारण हे आहे.

आता नवा परिच्छेद वाचू : ‘एंझाइम-उत्पादनाच्या प्रक्रियेवर काम करणारी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. धुण्याच्या पावडरीला उपयोगी असे अल्कधर्मी प्रोटिएझ सुमारे तीनशे जिवाणूंच्या चाळणीपासून पाच लिटर फर्मेंटरपर्यंत नेले. आखीव प्रयोगमालिकेने माध्यम सुधारून उत्पादन प्रति मिलिलिटर १२० वरून ४१० युनिट केले (पीएच १०, ४० अंश सेल्सिअस). फर्मेंटरमधील घट हवा व फेस यांच्या नियंत्रणाने भरून काढून सलग तीन बॅचमध्ये ३७० हून अधिक युनिट मिळवले. बाजारातील चार पावडरींच्या द्रावणात एक तासाची स्थिरता तपासली. औद्योगिक पातळीवरील उत्पादनाचा अनुभव.’

शेवटच्या वाक्याबद्दल मला एक सूचना करायची आहे, ती पुढे करतो. आधी बाकीच्या वाक्यांत कोणती कौशल्यं आहेत ती साध्या शब्दांत सोडवून पाहू.

‘तीनशे जिवाणूंच्या चाळणीपासून’ म्हणजे काय? सरोवराच्या पाण्याचा आणि गाळाचा नमुना विरळ करून, दूध घातलेल्या आगरच्या थाळीवर पसरतात. आगरमध्ये सोडा घालून पीएच दहाला ठेवलेला असतो. ज्या वसाहतीभोवती दुधाचा पांढरा थर निवळून पारदर्शक कडं पडतं, ती प्रथिनं तोडते. आता कडं मोठं म्हणून जिवाणू चांगला, असा मोह होतो. पण कड्याचा आकार वसाहत किती वेगाने वाढली आणि एंझाइम आगरमधून किती पसरलं यावरही अवलंबून असतो. म्हणून थाळीवर निवडलेले थोडे जिवाणू पुन्हा द्रव माध्यमात वाढवून प्रत्यक्ष मोजावे लागतात. तीनशेतून कोणते सोडायचे हे ठरवण्याची ही शिस्त कंपनीत रोज लागते. तिथे बहुतेक वेळ नको असलेले नमुने लवकर आणि स्वस्तात बाजूला काढण्यातच जातो. पेपरात मात्र निवडलेल्या एकाचीच गोष्ट छापली जाते.

मग ‘युनिट’. दुधातलं केसिन हे प्रथिन ठरावीक पीएच आणि तापमानाला एंझाइमसोबत ठेवतात, ठरलेल्या मिनिटांनी आम्ल घालून क्रिया थांबवतात, न तुटलेलं प्रथिन साक्यासारखं खाली बसतं आणि वरच्या निवळीत सुटून आलेलं टायरोसिन रंग आणून मोजतात. मिनिटाला एक मायक्रोमोल टायरोसिन सुटलं तर एक युनिट, ही नेहमीची व्याख्या. पण पीएच आठला मोजलेलं युनिट आणि दहाला मोजलेलं युनिट यांची तुलना होत नाही, आणि ३७ व ६० अंशांवर मोजलेल्यांचीही नाही. काही प्रयोगशाळा व्याख्याही वेगळी वापरतात. म्हणून नुसतं ‘उत्पादन ३.४ पट वाढवलं’ हे वाक्य जाणकाराला खटकतं. सुरुवातीचं माध्यमच निकृष्ट असेल तर कितीही पट वाढ दाखवता येते. तुमच्या लेकीने आधीचा आकडा, नंतरचा आकडा आणि मोजण्याची परिस्थिती तिन्ही दिलं. एवढ्या एका कंसातून तिला मोजमापाची जबाबदारी कळते हे दिसतं.

‘आखीव प्रयोगमालिका’ हे तिसरं कौशल्य, आणि माझ्या मते तिच्या कागदावरचं सर्वांत विकलं जाणारं. जिवाणू वाढवायला माध्यमात साखर, सोयाबीनचं पीठ, सोडा, मीठ, कॅल्शियम, मॅग्नेशियम असं बरंच काही घालावं लागतं. सोयाबीनचं पीठ तुमच्या जिल्ह्याला नवीन नाही. नायट्रोजनचा स्वस्त स्रोत म्हणून उद्योगही ते वापरतो. रूढ रीत अशी, की एकेक घटक बदलायचा आणि बाकीचे तसेच ठेवायचे. यात गडबड होते ती घटकांच्या आपसांतल्या संबंधांमुळे. साखर जास्त झाली तर पुष्कळ जिवाणू प्रोटिएझ बनवणं कमी करतात, कारण आयती साखर असताना प्रथिनं तोडण्याची त्यांना गरज उरत नाही. मग साखरेचं योग्य प्रमाण सोयाबीन किती आहे यावर ठरतं, आणि एकेक बदलून पाहणाऱ्याला ते कधीच सापडत नाही.

म्हणून तिने आधी प्लॅकेट-बर्मन नावाच्या रचनेने बारा फ्लास्कांत आठ घटकांची वर-खाली प्रमाणं एकदम बदलून पाहिली आणि त्यांतले खरोखर फरक पाडणारे तीन वेगळे केले. मग त्या तिघांवर बॉक्स-बेन्केन रचनेचे पंधरा फ्लास्क लावून उत्तम प्रमाण शोधलं. मिळालेल्या गणिती अंदाजाची पडताळणी पुन्हा नव्या फ्लास्कांत केली. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात, आणि मुलाखतीत तिच्याबद्दल हमखास विचारलं जातं. या कौशल्याची मागणी एंझाइमपुरती नाही. औषध, रंग, अन्नप्रक्रिया, जिथे थोड्या प्रयोगांत पाककृती ठरवायची असते तिथे ते चालतं. पेपरात ही गोष्ट पद्धतींच्या विभागात दोन ओळींत येते, कंपनीच्या कागदावर तिला स्वतंत्र वाक्य मिळायलाच हवं.

आता फर्मेंटर. इथे मी जरा थांबतो, कारण या वाक्यातली ‘घट’ पेपरात कुठेच नाही. फ्लास्क हलवणाऱ्या यंत्रावर ठेवला की पातळ थरातून हवा आत जाते. पाच लिटरच्या भांड्यात प्रत्यक्ष साडेतीन लिटरच्या आसपास द्रव असतो, हवा खालून बुडबुड्यांनी येते आणि पंखा ते बुडबुडे फोडतो. तिच्या पत्रावरून कळतं की पहिल्या बॅचमध्ये फ्लास्कात ४१० असलेलं उत्पादन २४० वर आलं. कारण असं होतं : सोयाबीनच्या प्रथिनांमुळे प्रचंड फेस आला, तो दाबायला फेसनाशक घातलं, फेसनाशकाने बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे झाले आणि द्रवात विरघळणारा ऑक्सिजन कमी पडला. जिवाणू वाढला, पण एंझाइम बनवण्याच्या ऐन वेळी त्याची दमछाक झाली. विरघळलेल्या ऑक्सिजनचा आलेख बाराव्या तासाला तळाला टेकलेला पाहून तिने हे ओळखलं. मग फेसनाशक एकदम ओतण्याऐवजी थोडं थोडं सोडलं, पंख्याचा वेग ऑक्सिजनच्या पातळीशी जोडला, आणि सोयाबीनचा काही भाग सुरुवातीला न घालता नंतर दिला. पुढच्या तिन्ही बॅच ३७० च्या वर गेल्या.

पेपरात फक्त शेवटचा आलेख छापला गेला. पण कंपनीच्या प्रमुखाला रस आहे तो २४० मध्ये. लहान भांड्यातलं मोठ्यात नेताना उत्पादन कमी होणं ही तिथली नेहमीची अडचण आहे. ती दिसली कशी, कारण सापडलं कशावरून, दुरुस्ती टिकली का, हे ज्याला सांगता येतं तो माणूस पहिल्या आठवड्यापासून उपयोगी पडतो. म्हणून ‘सलग तीन बॅच’ हे शब्दही महत्त्वाचे आहेत. पत्रिकेसाठी एक उत्तम बॅच आणि तिच्या मोजमापाची तीन आवर्तनं बऱ्याचदा चालून जातात. उद्योगाला तीन वेगळ्या बॅच तितक्याच चांगल्या निघणं हवं असतं.

‘एक तासाची स्थिरता’ या वाक्यात तिचा प्रामाणिकपणा दिसतो, आणि त्याची किंमत तुम्हाला कळावी म्हणून थोडं खोलात जातो. पेपरांमध्ये सहसा पावडरीचं द्रावण, मिलिलिटरला सुमारे सात मिलिग्रॅम, करून त्यात एंझाइम तासभर ४० अंशांवर ठेवतात आणि किती शिल्लक राहिलं ते मोजतात. बाजारातल्या पावडरीत आधीच एंझाइम असू शकतं, म्हणून ते द्रावण आधी तापवून तिचं एंझाइम मारावं लागतं. ज्याने हे केलं नाही त्याचा निकाल फुगलेला असतो. मग रक्त, दूध आणि शाईचे डाग पाडलेल्या प्रमाणित कापडावर धुऊन पाहतात. पण दुकानातल्या डब्यात एंझाइमला कित्येक महिने टिकायचं असतं. तिथे ओलावा आणि ब्लीच त्याला खराब करतात, आणि द्रवरूप साबणात तर प्रोटिएझ स्वतःलाच खातं. कोरडं एंझाइम उडून कामगारांच्या श्वासात गेलं तर ॲलर्जी होते, म्हणून त्यावर लेप देऊन दाणे करावे लागतात. यातलं काही तिने केलेलं नाही. ‘पावडरीत स्थिर असलेलं एंझाइम’ असं मोघम लिहिलं असतं तर मुलाखतीत पहिला प्रश्न साठवणीचा आला असता आणि तिची अडचण झाली असती. ‘एक तास’ हे दोन शब्द लिहिल्यामुळे तिच्या कामाची हद्द स्पष्ट आहे.

आता ते शेवटचं वाक्य : ‘औद्योगिक पातळीवरील उत्पादनाचा अनुभव’. तेवढं काढून टाकायला सांगा. पाच लिटर ही प्रयोगशाळेची पातळी आहे. धुलाईच्या एंझाइमचं उत्पादन हजारो लिटरच्या टाक्यांत होतं. तिथे उष्णता बाहेर काढणं, टाकीच्या वरच्या आणि खालच्या थरात ऑक्सिजनचा फरक पडणं, निर्जंतुकीकरणाला लागणारे तास, हे सगळे नवे प्रश्न उभे राहतात. ज्या माणसाने असं काम केलंय त्याला हे वाक्य वाचताच बाकीच्या खऱ्या आकड्यांबद्दलही शंका येईल. त्या जागी तिने काय हवंय ते लिहावं : ‘एंझाइमच्या प्रक्रिया-विकासात, प्रयोगशाळा ते पथदर्शी उत्पादन या टप्प्यावर संशोधक म्हणून काम करण्याची इच्छा.’ यात खोटं काही नाही आणि तिला कोणत्या टेबलावर बसवायचं हेही वाचणाऱ्याला कळतं.

अशाच आणखी काही शब्दांवर लक्ष असू द्या. ‘नेतृत्व केलं’ असं लिहायचं असेल तर कोणाचं, हे सांगता आलं पाहिजे. दोन एम.एस्सी. विद्यार्थ्यांना फर्मेंटर चालवायला शिकवलं असेल तर तसंच लिहावं, ते वजनदारच आहे. मेहनती, जिज्ञासू, संघभावनेने काम करणारी, अशी विशेषणं प्रत्येकाच्याच कागदावर असतात, म्हणून ती वाचली जात नाहीत. यंत्रांची लांबलचक यादीही वर नको. एखादं यंत्र वापरून कोणता निर्णय घेतला, ते वाक्य यंत्राच्या नावापेक्षा जास्त सांगतं. आणि दुसऱ्या कोणाबरोबर गोपनीयतेचा करार करून केलेल्या कामाचे आकडे त्यांच्या परवानगीशिवाय देऊ नयेत. नव्या कंपनीला त्यात भूषण वाटत नाही. उद्या ही आपली माहितीही अशीच बाहेर नेईल, असंच तिला वाटतं.

मग पेपरांना किंमतच नाही का? असं मुळीच नाही. सरसकट ‘कंपनीत पेपर चालत नाहीत’ म्हणणारेही चुकतात. नवीन एंझाइम शोधण्याचा गट असेल, किंवा पदाच्या वर्णनातच प्रकाशनांची अपेक्षा लिहिलेली असेल, तर सारांशात एक वाक्य जरूर यावं : ‘या कामावर पाच प्रथम-लेखक पेपर’. तिथे ते वर केलेल्या दाव्याला पुरावा म्हणून येतं. इतर ठिकाणी यादी शेवटच्या पानावर पूर्ण तपशिलासह असावी, कारण संशोधन प्रमुख मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिच्यातला एखादा पेपर उघडतोच आणि आकडे ताडून पाहतो. सारांशातला आकडा आणि पेपरातला आकडा जुळला पाहिजे. जिथे फरक असेल, म्हणजे फर्मेंटरचा आकडा छापलेलाच नसेल, तिथे मूळ वहीतली नोंद हाताशी हवी. आणि जुना परिच्छेद फेकू नये. विद्यापीठात किंवा सरकारी संशोधन संस्थेत अर्ज करताना तोच लागेल.

नवा परिच्छेदही सगळीकडे जसाच्या तसा चालणार नाही. चामडं कमावण्याच्या उद्योगात केस सुटे करायला प्रोटिएझ वापरतात, तिथे डागांपेक्षा कातडीचा पोत खराब न होणं मोलाचं. तिथे पावडरीचं वाक्य काढून, केराटिन आणि कोलॅजेन यांवर एंझाइम किती काम करतं हे तिने तपासलं असेल तर ते घालावं. तपासलं नसेल तर त्या जागी काही घालू नये. गुणवत्ता तपासणीच्या पदासाठी मोजमापाची पद्धत वर यावी आणि फर्मेंटर खाली. मूळ काम तेच, पण वाचणाऱ्याच्या अडचणीनुसार कोणतं वाक्य पहिलं येईल हे बदलतं. ‘पोस्टडॉक म्हणजे शिक्षणच चालू आहे’ असा समज काही भरती करणाऱ्यांत असतो. त्यांच्यासाठी अनुभवाच्या विभागात पोस्टडॉकची वर्षं इतर नोकरीसारखी पद, काळ आणि केलेलं काम अशी लिहावीत. शिक्षणाच्या विभागात ती टाकू नयेत.

राहिला तुमच्या मनातला लोणारचा सल. नाव गेलेलं नाही. मसुदा पुन्हा उघडलात तर ते दुसऱ्या पानावर, पीएच.डी.च्या कामाखाली दिसेल. तिथे त्याच्यापुढे आणखी एक ओळ घालायला सांगा. सरोवर अभयारण्यात आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही आहे, त्यामुळे तिने नमुने वन विभागाच्या परवानगीने घेतले असणार. इथल्या जिवाणूचा व्यापारी वापर किंवा त्यावरचं पेटंट यांना जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो आणि व्यापारी वापरासाठीची महाराष्ट्राची यंत्रणा, राज्य जैवविविधता मंडळ, नागपूरला आहे. नमुना कोणत्या परवानगीने घेतला आणि जिवाणू कोणत्या अधिकृत संग्रहात कोणत्या क्रमांकाने जमा केला, हे तिने लिहून ठेवलं असेल, तर कंपनीच्या कायदा विभागाचा पहिला प्रश्न तिथेच सुटतो.